शेपची बेरीज : ब्लेंडरमधला बोलणारा चेहरा

ब्लेंडरमध्ये शेप की ही बिंदूंच्या सरकण्याची नोंद असते. मेशचा मूळ चेहरा `Basis` या नावाने जपलेला असतो. त्यानंतरच्या प्रत्येक शेपमध्ये कोणता बिंदू मूळ जागेपासून किती आणि कोणत्या दिशेला सरकला, एवढेच मोजले जाते. स्लायडर ० वर असला की बिंदू मूळ जागी, १ वर असला की सरकलेल्या जागी आणि ०.५ वर असला की त्या दोन जागा जोडणाऱ्या सरळ रेषेच्या बरोबर मध्यावर. एकाच वेळी दोन शेप चालू केले, तर प्रत्येक बिंदूच्या दोन्ही सरकण्यांची बेरीज होते. सरळ रेषा आणि बेरीज, यापलीकडे शेप काही करत नाही. चेहऱ्याचा रिग बांधताना ज्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेक या दोन गोष्टींतूनच निघतात आणि त्यांची उत्तरेही तिथेच सापडतात.

उदाहरणासाठी एक तरुण मुलीचे पात्र घेऊ. तिला एक छोटे वाक्य बोलायचे आहे : ‘बाबा, पाऊस आला.’ चेहरा साधारण खऱ्या मापाचा आहे, आणि पात्र हसतमुख असल्याने हसता हसता बोलणेही जमले पाहिजे.

पहिला शेप करण्याआधी मेश पक्की झालेली असावी लागते. ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती एजेसची एकात एक कडी हवीत, कारण तिथले स्नायूही तसेच गोलाकार बसलेले असतात. उभ्या-आडव्या जाळीवर ओठ गोल केले, की कोपऱ्यांत सुरकुत्यांसारख्या खुणा दिसू लागतात. वरचा आणि खालचा ओठ एकमेकांना चिकटलेले नसावेत. त्यांच्यामध्ये केसाएवढी फट आणि आत तोंडाची पोकळी ठेवली, तर पुढे ओठ वेगळे करताना बिंदू निवडणे सोपे जाते. मिरर मॉडिफायर शेप करण्याआधीच अप्लाय करून टाकावा लागतो, कारण शेप असलेल्या मेशवर ब्लेंडर मॉडिफायर अप्लाय करू देत नाही. सबडिव्हिजन सरफेस मात्र शेवटपर्यंत मॉडिफायर म्हणूनच राहू द्यावा. नंतर बिंदू वाढवले किंवा काढले, तर फाइलमधले शेप कसेबसे तगून राहतात. पण चेहऱ्याच्या वेगळ्या प्रतीवर घडवलेले भाव `Join as Shapes` ने आणायचे असतील, तर दोन्हीकडे बिंदूंची संख्या सारखीच लागते, आणि त्यांचा क्रम बदललेला असला तर चेहऱ्याचा चोळामोळा होतो.

मग शेपची यादी. इथे दोन रस्ते फुटतात. पहिला रस्ता पूर्ण चित्रांचा : ‘आनंदी’, ‘रागावलेला’, ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे एकेक तयार चेहरे घडवायचे आणि त्यांच्यात ये-जा करायची. दुसरा रस्ता तुकड्यांचा : ओठांचा कोपरा वर ओढणे, गाल उचलणे, भुवईचे आतले टोक उचलणे, ओठ गोल करणे, अशा एकेका हालचालीचा एकेक शेप करायचा आणि भाव त्यांच्या बेरजेतून बनवायचा. पहिल्या रस्त्याने काम लवकर दिसू लागते, म्हणून नवशिके तोच धरतात. पण ‘आनंदी’ चेहऱ्यात ओठ आधीच पसरलेले असतात आणि ‘ई’ मध्येही. दोन्ही एकत्र आले, की ओठ गालात घुसतात. तुकड्यांच्या रस्त्यानेही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण तो नेमका कुठे आहे ते समजते आणि तेवढ्याच जागी दुरुस्ती करता येते.

तुकडे कोणते करायचे, याला चांगला आधार आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. तिच्यात भावांना नव्हे, तर स्नायूंच्या कामांना क्रमांक दिले आहेत. ओठांचा कोपरा वर ओढणे हे १२ वे एकक, गाल उचलून डोळ्याखालचा भाग आवळणे हे ६ वे. मनापासूनच्या हसण्यात सहसा दोन्ही येतात. नुसत्या उपचाराच्या हसण्यात अनेकदा १२ वे एकटेच येते. ही दोन्ही एकाच ‘स्माइल’ शेपमध्ये बांधून टाकली, तर पात्राला उपचारापुरते हसणे कधीच जमणार नाही. म्हणून ती वेगळी ठेवणे इष्ट. संपूर्ण वर्गवारी रिगमध्ये उतरवण्याची मात्र गरज नसते. साध्या पात्राला वीस-पंचवीस हालचाली पुरतात.

शेप घडवताना सर्वांत घातक चूक साधी असते : यादीत `Basis` निवडलेला असतानाच स्कल्प्ट करणे. तेव्हा हसू थेट मूळ चेहऱ्यात जाऊन बसते. सगळे स्लायडर शून्यावर आणूनही पात्राचे ओठ किंचित वर ओढलेले दिसले, तर हेच झाले आहे असे समजावे. दुसरा दोष लपून बसतो. गालावर मोठा ब्रश फिरवताना कानाचे किंवा पापणीचे बिंदू अगदी थोडे सरकतात आणि स्लायडर १ वर असताना ते डोळ्यांना दिसतही नाही. पण बेरजेत अशा दहा शेपचे दहा छोटे धक्के एकत्र येतात आणि पात्र बोलू लागले, की कान हलतो. हे पकडण्यासाठी त्या शेपची `Range Max` तात्पुरती ५ करून स्लायडर पूर्ण ओढावा. चेहरा भयानक दिसेल, पण जे हलायला नको ते हलत असेल तर लगेच उघडे पडेल. मग एडिट मोडमध्ये तो शेप निवडलेला ठेवून नको असलेले बिंदू निवडायचे, `Blend from Shape` मध्ये `Basis` निवडून `Add` बंद करायचे आणि `Blend` १ ठेवायचे. तेवढेच बिंदू मूळ जागी परततात आणि बाकीच्या शेपला धक्का लागत नाही.

शेप आधी दोन्ही बाजूंनी सारखा घडवावा आणि नंतर डावा-उजवा वेगळा करावा. त्यासाठी दोन व्हर्टेक्स ग्रुप लागतात : `half.L` आणि `half.R`. डाव्या गालावर `half.L` चे वजन १, उजव्या गालावर ०, आणि नाकाखालच्या पट्ट्यात ते हळूहळू उतरत जाऊन मध्यरेषेवर ०.५ व्हावे. `half.R` याच्या बरोबर उलट. प्रत्येक बिंदूवर दोन्ही वजनांची बेरीज १ आली पाहिजे, ही यातली कळीची अट. मग हसण्याचा शेप १ वर ठेवून त्याच्या व्हर्टेक्स ग्रुपच्या चौकटीत `half.L` द्यायचा आणि `New Shape from Mix` ने नवा शेप घ्यायचा, तो `smile.L`. ग्रुप बदलून पुन्हा तेच केले, की `smile.R`. नंतर दोन्ही १ वर ठेवून मूळ सलग शेपशी ताडून पाहावे. काहीच फरक दिसता कामा नये. मध्यरेषेवर ओठ फुगला असेल तर वजनांची बेरीज १ च्या वर गेली आहे, आत खचला असेल तर ती कमी पडली आहे. आणि एकच बाजू हसवल्यावर वरच्या ओठाच्या मधोमध टोकदार घडी पडत असेल, तर उताराचा पट्टा फार अरुंद आहे.

सरळ रेषेचा दोष सर्वांत स्पष्ट दिसतो तो पापणीत. माणसाच्या डोळ्याच्या बुबुळासह अख्ख्या गोलाची त्रिज्या सुमारे १२ मिमी असते. उघड्या डोळ्यापासून मिटेपर्यंत वरची पापणी या गोलावरून समजा ५० अंश फिरते. उघडी पापणी गोलाला टेकलेली आहे, मिटलेलीही टेकलेली आहे. पण शेप तिला या दोन जागांमधल्या सरळ रेषेने नेतो, आणि गोलावरच्या दोन जागा जोडणारी सरळ रेषा गोलाच्या आतून जाते. अर्ध्या वाटेवर पापणी १२ × (१ − कोसाइन २५°), म्हणजे सुमारे १.१ मिमी आत असते. पडद्यावर डोळ्याचा पांढरा भाग पापणीच्या कातडीतून वर आलेला दिसतो. झटकन होणाऱ्या उघडझापीत हे निसटून जाईल, पण झोपाळलेल्या अर्धोन्मीलित डोळ्यांत ते लपत नाही.

उपाय म्हणून मधल्या अवस्थेचा एक दुरुस्ती-शेप करावा लागतो. `blink.L` ०.५ वर ठेवायचा, एक नवा रिकामा शेप घेऊन त्याचा स्लायडर १ करायचा आणि त्यात पापणी गोलाच्या बाहेर आणायची. शेपच्या यादीखालची पिन बंद असावी लागते. ती चालू असली तर फक्त निवडलेला शेप दिसतो आणि अर्धी मिटलेली पापणी नजरेसमोर राहत नाही. हा दुरुस्ती-शेप डोळा उघडा असताना ०, अर्धा मिटताना १ आणि पूर्ण मिटल्यावर पुन्हा ० झाला पाहिजे. त्यासाठी त्याच्या स्लायडरवर ड्रायव्हर लावतात :

```
4 * blink * (1 - blink)
```

याऐवजी सरळ चढणारा आणि सरळ उतरणारा ड्रायव्हर लिहिला, तर पापणीची वाट एका सरळ रेषेऐवजी दोन सरळ रेषांची होते आणि पाव व पाऊण वाटेवर ती पुन्हा पाव मिलिमीटरच्या आसपास आत जाते. वरचे सूत्र वक्र असल्याने वाटही वक्र होते आणि गोलाच्या फार जवळून जाते. दोन गुणाकारांत एवढा फरक पडतो, हे पहिल्यांदा पाहताना फार समाधान देणारे असते.

बेरजेचा दोष तोंडापाशी येतो. या पात्रात हसण्याने ओठांचा कोपरा ६ मिमी बाहेर जातो आणि ‘ई’ साठी केलेला ओठ ताणण्याचा शेप त्याला ५ मिमी बाहेर नेतो. हसता हसता ‘आई’ म्हटले, की कोपरा ११ मिमी सरकतो. खऱ्या चेहऱ्यात असे होत नाही. आधीच ताणलेला ओठ आणखी थोडासाच ताणला जातो, समजा एकूण ७ मिमी. इथेही दुरुस्ती-शेप लागतो. दोन्ही शेप १ वर, नवा रिकामा शेप १ वर, आणि त्यात कोपरा ४ मिमी मागे घ्यायचा. गाल फुगून आलेला असेल तर तोही इथेच बसवायचा. हा शेप दोन्ही मूळ शेप चालू असतील तेव्हाच आणि त्यांच्या प्रमाणातच लागू व्हावा, म्हणून त्याचा ड्रायव्हर म्हणजे दोघांचा गुणाकार :

```
smile * wide
```

हसू ०.५ आणि ताण ०.५ असताना गुणाकार ०.२५ येतो. साधी बेरीज ५.५ मिमी होते, दुरुस्ती १ मिमी, म्हणजे कोपरा ४.५ मिमीवर. अर्ध्या हसण्यात थोडेच मागे ओढले जाणे आणि भर हसण्यात जास्त ओढले जाणे, दोन्ही यातून आपोआप साधते. मात्र मोह आवरावा लागतो. वीस शेपच्या जोड्या १९० होतात. त्या सगळ्यांना दुरुस्ती-शेप करत बसणारा माणूस काम पुरे करत नाही. संवादात खरोखर एकत्र येणाऱ्या जोड्या मोजक्याच असतात : हसू आणि ताण, हसू आणि जबडा उघडणे, ओठ गोल करणे आणि जबडा उघडणे. बाकीच्या दिसतील तेव्हा पाहाव्यात.

जबडा शेपने हलवावा की बोनने, हा नेहमीचा प्रश्न. जबडा कानाजवळच्या सांध्याभोवती फिरतो, म्हणून सरळ रेषा चालणार नाही असे सांगितले जाते. हिशेब केला तर बोलण्यापुरता हा दोष किरकोळ निघतो. हनुवटी सांध्यापासून १० सेंटिमीटरवर असेल आणि जबडा १० अंश फिरत असेल, तर अर्ध्या वाटेवरची चूक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरते. तरीही बोन बरा, आणि त्याचे कारण वेगळे आहे : खालचे दात आणि जीभ ही वेगळी ऑब्जेक्ट असतात. एकाच जबड्याच्या बोनला सगळे बांधले, की ते एकत्र फिरतात. शेपने केले तर दातांसाठी वेगळी व्यवस्था करून दोन्हींची गती जुळवत बसावे लागते. शेप आर्मेचर मॉडिफायरच्या आधी लागू होतात, त्यामुळे ओठांचे शेप मिटल्या जबड्यावर घडवले तरी जबडा उघडल्यावर ते त्याच्याबरोबर फिरतात.

यातूनच तोंडाच्या रिगमधली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती समोर येते. मराठीत प, फ, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटावे लागतात, पण जबडा पूर्ण मिटत नाही. ‘बाबा’ मधल्या दुसऱ्या ‘ब’ च्या वेळी जबडा अजून थोडा उघडाच असतो आणि ओठ त्याच्यावरून येऊन एकमेकांना भेटतात. जबडा मिटलेला असताना घडवलेला ‘ओठ मिटा’ हा शेप इथे काहीच करत नाही, कारण त्या अवस्थेत ओठ मुळातच मिटलेले होते. म्हणून ओठ जोडण्याचा शेप जबडा उघडा ठेवून घडवावा लागतो. ॲपलच्या ५२ शेपच्या संचात `jawOpen` पासून वेगळा `mouthClose` आहे तो याचसाठी. जबडा पूर्ण उघडून ओठांमध्ये १५ मिमी फट पडत असेल, तर खालचा ओठ सुमारे ९ मिमी वर आणि वरचा ६ मिमी खाली आणावा; खालचा ओठ अधिक चपळ असतो. याचा ड्रायव्हर पुन्हा गुणाकार, `jaw * seal`; यात `seal` म्हणजे ओठ किती मिटवायचे ते. जबडा ०.३ उघडा असताना फट ४.५ मिमी असते आणि `seal` १ केल्यावर ओठ तेवढेच सरकून बरोबर भेटतात. ते एकमेकांत घुसत असतील, तर बाजूने पाहून मूळ शेप सुधारावा. ड्रायव्हरच्या आकड्याशी खेळू नये.

स्लायडरच्या यादीतून ॲनिमेशन करणे कंटाळवाणे असते, म्हणून चेहऱ्यासमोर काही छोटे कंट्रोल बोन ठेवतात. ओठाच्या कोपऱ्याचा बोन वर नेला की हसू, खाली नेला की उदासी. बोन २ सेंटिमीटर हलल्यावर शेप १ व्हायचा असेल, तर ड्रायव्हर असा :

```
clamp(y / 0.02, 0, 1)
```

यात `y` हे `Transform Channel` प्रकारचे व्हेरिएबल असून त्याची स्पेस `Local Space` ठेवावी. `Transform Space` मध्ये कन्स्ट्रेंटचा परिणाम मोजला जात नाही, त्यामुळे बोनला लावलेली `Limit Location` ची मर्यादा ड्रायव्हरला दिसत नाही. दुरुस्ती-शेपचे ड्रायव्हरही दुसऱ्या शेपच्या स्लायडरऐवजी याच बोनवरून घेतले, तर नंतर एखाद्या शेपचे नाव बदलले किंवा तो काढून टाकला तरी साखळी तुटत नाही.

आता वाक्य. मराठीची वर्णमाला मोठी असली तरी बाहेरून दिसणाऱ्या तोंडाच्या अवस्था थोड्या आहेत. ‘ब’ आणि ‘भ’ यांतला महाप्राण दिसत नाही. ट-वर्ग आणि ‘ळ’ यांत जीभ मागे वळते, पण ओठांवरून ते कळत नाही. तोंड किंचित उघडे असले की भागते. क-वर्गाचेही तसेच. दिसतात ते मिटलेले ओठ, ‘व’ साठी वरच्या दातांजवळ गेलेला खालचा ओठ, ‘आ’ चा जबडा, ‘ई’ चा ताण, ‘ऊ’ चा चंबू, आणि त-वर्ग, ‘ल’ व ‘स’ यांत दातांजवळ येणारी जीभ किंवा जवळजवळ मिटलेले दात. अक्षरागणिक एक शेप हा हिशेब मराठीत व्यर्थ आहे.

‘बाबा, पाऊस आला’ हे वाक्य सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने साधारण दीड सेकंदात बोलले जाते. पहिला ‘ब’ : जबडा ०.१, `seal` १, दोन फ्रेम टिकवून. ‘आ’ : जबडा ०.६, `seal` ०. दुसरा ‘ब’ : जबडा ०.३ पर्यंतच खाली आणि `seal` पुन्हा १. इथे ओठ किमान एक फ्रेम, शक्यतो दोन, पूर्ण मिटलेले राहिले पाहिजेत. एवढे चुकले तर बाकी सगळे बरोबर असूनही पाहणाऱ्याला ‘बाबा’ ऐवजी ‘आआ’ दिसते. ‘पाऊस’ मध्ये खरी गंमत आहे. ‘पा’ च्या ‘आ’ मध्येच ओठ पुढच्या ‘ऊ’ ची तयारी करू लागतात, म्हणून जबडा अजून ०.५ असतानाच चंबूचा शेप ०.३ वर चढवावा. ‘ऊ’ वर तो ०.९, जबडा ०.१५. ‘स’ वर दात जवळ येतात, जबडा ०.०५, पण चंबू एकदम शून्यावर आणू नये, ०.४ वरून उतरू द्यावा, कारण ‘ऊ’ चा गोलवा ‘स’ मध्ये रेंगाळतो. प्रत्येक अक्षराला आपले स्वच्छ चित्र द्यायचे ठरवले, तर हा ‘स’ ओठ पसरून येतो आणि पात्र शब्द तोडून तोडून म्हणते आहे असे वाटते. ‘आला’ मधल्या ‘ल’ ला जबडा ०.३ वर आणून जीभ वरच्या दातांमागे टेकवली की पुरे. ओठांना तिथे काम नाही.

सगळ्या की-फ्रेम बसल्यावर तोंडाचा पट्टा आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी सरकवून पाहावा. ओठ मिटण्याची क्रिया आवाजाच्या आधी घडते, त्यामुळे तंतोतंत जुळवलेले तोंड अनेकदा मागे पडल्यासारखे दिसते. मग हसण्याचा कंट्रोल ०.५ वर ठेवून तेच वाक्य पुन्हा चालवावे, समोरून आणि बाजूने. हसू घातल्यावर ‘ब’ आणि ‘प’ ला ओठांच्या कोपऱ्यांत बारीक फट उघडत असेल, तर हसू आणि `seal` ही जोडीही दुरुस्तीच्या यादीत घ्यावी लागते. दृश्य दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायचे असेल, तर ड्रायव्हरची सूत्रे तिकडे पोहोचतील असे धरून चालू नये. शेपच्या किमती फ्रेमगणिक बेक करून पाठवाव्यात आणि तिकडे ‘बाबा’ चा दुसरा ‘ब’ मिटतो का, ते आधी तपासावे.